दहा पूर्ण: फोटोखालच्या चार ओळी

मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोखाली आईबाबा जे काही लिहितात, त्यात दहाव्या वाढदिवसाला एक शब्द हटकून येतो: डबल डिजिट. त्यापाठोपाठ एक रडका चेहरा, एक केक, एक लाल हृदय आणि ‘कधी एवढा मोठा झालास कळलंच नाही’. हे वाक्य मी इतक्या मुलांच्या फोटोंखाली वाचलंय, की आता फोटो न बघताही बोट आपोआप शुभेच्छा टाइप करतं. पण लिहिणाऱ्या आईच्या पोटात त्या क्षणी खरोखर काहीतरी हललेलं असतं. ते त्या वाक्यात उतरत नाही, एवढीच अडचण आहे.

खरं म्हणजे नऊ आणि दहा यांत मुलाच्या बाजूने काहीच बदललेलं नसतं. बदल आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एक ते नऊला आपल्याकडे स्वतंत्र चिन्हं आहेत. दहाला नाही, म्हणून एकावर शून्य द्यावं लागतं. रोमन आकड्यांत आठ लिहायला चार खुणा लागतात आणि दहाला एकच, त्यामुळे तिथल्या आयांना या दिवसाचं काहीच वाटलं नसतं. संगणकाच्या दोन चिन्हांच्या पद्धतीत तर मूल दुसऱ्याच वाढदिवसाला दोन अंकांत जातं. तरीही दहा हा आकडा मुलाला अगदी आतून कळतो, कारण तोवरचं वय त्याने बोटांवर दाखवलेलं असतं. ‘किती वर्षांचा रे तू?’ असं कुणी विचारलं की आधी दोन बोटं, मग तीन, पाचला आख्खा पंजा. दहाला दोन्ही पंजे उघडतात आणि बोटं संपतात. शिवाय एक अंकी वाढदिवस आयुष्यात नऊच मिळतात. दोन अंकी मिळाले तर नव्वद. ही सीमा माणूस लहानपणी एकदा ओलांडतो, आणि पुढचा अंक वाढायला शंभरी गाठावी लागते. आईच्या पोटात हललेलं ते बहुधा या हिशेबातून येत असावं.

या मजकुराला आपल्याकडे जुना वंश आहे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोट्या चौकटीत मुलाचा फोटो यायचा: केस चप्प बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खाली ‘चि.’ किंवा ‘कु.’ लावून नाव, कितवा वाढदिवस, ‘अनेक शुभाशीर्वाद’, आणि मग शुभेच्छुकांची यादी. आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, आत्या, मामा-मामी आणि शेवटी ‘समस्त परिवार’. मुलापेक्षा यादीच मोठी. त्या मजकुरात भावना शोधू नये, तो घराण्याचा हजेरीपट होता. एखाद्या मावशीचं नाव राहिलं तर पुढच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावं लागे. दुसरा प्रकार अल्बममधल्या फोटोच्या पाठीवरचा: तारीख, ‘वय वर्षे १०’ आणि जागा. तिथे कुणी कुणाला उद्देशून बोलत नसे. नंतर कुणाला ओळखू आलं नाही तर असावं, म्हणून ते लिहिलेलं असे.

आताच्या मजकुरात मोठा बदल झाला तो संबोधनाचा. आई थेट मुलाशी बोलते. ‘तू आलास आणि आमचं आयुष्य बदललं.’ वाचतात मात्र ऑफिसमधल्या सहकारी, सोसायटीतल्या बायका, कॉलेजचे जुने मित्र आणि शाळेच्या ग्रुपवरच्या इतर आया. ज्याला ‘तू’ म्हटलंय त्याचं तिथे खातंच नसतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दोन्हीकडे खात्याला किमान १३ वर्षांची अट आहे. मूल तीन-चार वर्षांचं असताना हे चालून जातं, कारण त्याला वाचता येत नसतं. दहाव्याला चालत नाही. दहा वर्षांचं मूल आईचा फोन सफाईने उघडतं, मराठी वाचतं, आणि स्वतःबद्दल लिहिलेलं तर दोनदा वाचतं. ज्याच्याविषयी लिहिलंय तोच वाचणार, आणि वाचून त्याचं काही म्हणणं असणार, अशी वेळ साधारण या सुमारास पहिल्यांदा येते. दहाव्याचा मजकूर अवघड का, याचं उत्तर मला त्या शून्यापेक्षा इथे जास्त सापडतं.

माझ्या नणंदेच्या मुलाला २०२५च्या मे महिन्यात दहा पूर्ण झाली. नणंद नाशिकला असते. तिने आदल्या आठवड्यात मला तिचा मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, जरा नीट करून दे ना, तू लिहिणारी आहेस.’ मजकूर असा होता:

‘माझ्या काळजाच्या तुकड्या, आज तू दहाव्या वर्षात पदार्पण करतोयस. काळ कसा भुर्रकन उडून गेला कळलंच नाही. कालपर्यंत माझ्या कुशीत झोपणारं माझं इवलंसं बाळ आज डबल डिजिट झालं. तू आमचा अभिमान आहेस, आमचं सर्वस्व आहेस. असाच हसत राहा, खूप मोठा हो.’

आधी हिशेबाची चूक. ती इतकी सर्रास होते की मुद्दाम सांगायला हवी. जन्मल्या दिवशी पहिलं वर्ष सुरू होतं आणि पहिल्या वाढदिवसाला ते संपून दुसरं लागतं. तसंच दहाव्या वाढदिवसाला दहावं वर्ष संपतं आणि अकरावं लागतं. ‘दहाव्या वर्षात पदार्पण’ नवव्या वाढदिवसाला झालेलं असतं. घरातल्या आजींना ही गडबड कधी होत नाही, त्या सरळ ‘दहा सरली, अकरावं लागलं’ म्हणतात. नणंदेला मी फक्त ‘दहा पूर्ण’ लिहायला सांगितलं. शब्द कमी आणि गणित बरोबर.

बाकीच्या मजकुराची परीक्षा साधी होती. हाच मजकूर शेजारच्या मुलीच्या फोटोखाली लावला तर काही बिघडेल का? काहीच बिघडत नव्हतं. ‘बाळ’च्या जागी ‘परी’ घातलं की झालं. काळजाचा तुकडा, अभिमान, सर्वस्व हे सगळं खरंच असतं, पण प्रत्येक आईबाबतीत सारखंच खरं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला या मुलाबद्दल काहीच कळत नाही. ‘काळ भुर्रकन उडाला’चंही तेच. काळ उडाला हे वाचणाऱ्याला पटायचं तर काय होतं आणि आता काय आहे, या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत.

म्हणून मी तिला फोन करून प्रश्न विचारत बसले. ‘प्रेम’ हा शब्द न वापरता सांग, गेल्या वर्षभरात त्याचं काय बंद झालं? काय नव्याने सुरू झालं? तू त्याला शेवटचं कडेवर कधी घेतलंस? या शेवटच्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प बसली. आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नाही, कारण हे शेवटचं असं त्या दिवशी कुणी सांगत नाही. नवी गोष्ट सुरू झाली की तारखेसकट लक्षात राहते: पहिला दात, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस. बंद होणाऱ्या गोष्टी बिनतारखेच्या असतात. वाढदिवसाला आई हळवी होते ती या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींनी, आणि मजकुरात मात्र पहिल्या प्रकारच्याच लिहिते.

मग हळूहळू एकेक निघालं. तो आता तीस किलोच्या आसपास आहे, उचलायला गेलं तर तिची पाठ धरते आणि त्यालाही ते नको असतं. न्हाणीघराचं दार आतून लावून घेतो. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा, ते थांबलं, आता मनात वाचतो. आईचं इंग्रजी सुधारतो. रस्ता ओलांडताना अजून हात धरतो, पण पलीकडे वर्गातलं कुणी दिसलं की अलगद सोडवून घेतो, जणू खिशात काहीतरी शोधायचं होतं.

आणि टाळेबंदी. त्याचा पाचवा वाढदिवस मे २०२० मध्ये आला होता. २०१५ साली जन्मलेल्या मुलांचे आईबाप हे विसरणार नाहीत. केकची दुकानं बंद, पाहुणे नाहीत, आजी-आजोबा मोबाइलच्या पडद्यावर औक्षण बघतायत. नणंदेने बिस्किटांचा चुरा दुधात कालवून कुकरमध्ये केक केला, शिट्टी काढून. तो मध्ये बसला. झाकण उघडल्यावर ती रडकुंडीला आली, आणि हा म्हणाला, ‘आई, खड्डा छान आहे.’ पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याची पहिली सुरू झाली तीही फोनवरच. बाईंनी त्याला महिनोन्महिने चौकोनात पाहिला होता. डिसेंबर २०२१ मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग प्रत्यक्ष भरायला लागले, तेव्हा बाई एवढ्या उंच आहेत हे बघून तो गोंधळला होता.

एवढं सामान हाती आल्यावर उलटी अडचण होते, सगळंच घालावंसं वाटतं. इन्स्टाग्रामवर फोटोखाली २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं. जागा भरपूर वाटते, पण देवनागरीत ती लवकर भरते. तिथे काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘पूर्ण’ हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, तिथल्या हिशेबात पाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पडद्यावर सुरुवातीला पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोटाने उघडावं लागतं. बहुतेक जण उघडत नाहीत. त्यामुळे ‘माझ्या काळजाच्या तुकड्या’ने सुरुवात केली तर लोकांना तेवढंच दिसतं. खास गोष्ट पहिल्या ओळीत हवी. माझ्या मते तीन-चार वाक्यांच्या पुढे जाऊच नये. त्यापुढचं पत्र असतं, ते पाकिटात घालून मुलाला द्यावं.

नणंदेने बसून नव्याने लिहिलं. आता मजकुरात खड्डा पडलेला केक आला, कडेवर घेणं आलं, हात सोडवणं आलं, दार लावणं आलं. शेवटी तिने लिहिलं, ‘माझं बाळ हरवलं. ते परत कधी येणार नाही.’ वाचताना माझेही डोळे भरले, त्यामुळे मी तिला काही बोलले नाही. बोलला तो मुलगा. त्याने आईच्या फोनवर ते वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे मी मोठा झालो ते तुला आवडलं नाही का?’

हा धोका दहाव्याच्या मजकुरात असतोच. हुरहूर आईची असते, आणि ती त्याच्याच वाढदिवशी त्याच्याच नावाने जाहीर होते. त्याच्या दृष्टीने तो दिवस कमाईचा आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांना आधीच दहा पूर्ण झालेली असतात, हा उशिरा पोचलेला. त्याला दोन अंक हवे आहेत आणि आई त्याच आकड्यासाठी सुतक पाळतेय. हुरहूर काढून टाकायची गरज नाही, ती काढली तर उरतो नुसता अभिनंदनाचा फलक. पण तिचं माप फार थोडं हवं. एका वाक्यात जे गेलं ते आलं, की पुढच्यात त्याने काय मिळवलं ते यायला हवं. आणि ‘हरवलं’, ‘परत येणार नाही’ अशी माणूस गेल्यावर वापरायची क्रियापदं टाळावीत. समोर बसून आमरसात पुरी बुडवणाऱ्या मुलाबद्दल ती शोभत नाहीत.

त्याची दुसरी हरकत हात सोडवण्याच्या ओळीला होती. ‘ते काढ. मित्रांच्या आया वाचतील आणि घरी सांगतील.’ खरोखर सांगतात. मुलाची फजिती अशीच पसरते: आईने कौतुकाने लिहिलेलं दुसऱ्या आईने जेवताना हसत सांगायचं आणि सोमवारी ते वर्गात पोचायचं. नणंदेला ती ओळ सगळ्यांत आवडलेली, मलाही. तिने घासाघीस करून पाहिली. तो बधला नाही. मग ती ओळ निघाली. माझं मत त्याच्या बाजूने पडलं. अंथरुण ओलं करणं, रडणं, परीक्षेतले गुण, वजन, भीती यांतलं काही लिहायचं तर मुलाला आधी वाचून दाखवावं, आणि तो नको म्हणाला तर कारण विचारत बसू नये. (इथे ती ओळ छापायला त्याने परवानगी दिली आहे, नाव नको आणि शाळा नको या अटींवर. त्याला मामीच्या मासिकाची भीती नाही, त्याच्या मते ते कुणी वाचत नाही.)

यापलीकडची एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती, बहुतेकांच्या येत नाही. वाढदिवसाच्याच दिवशी ‘दहा पूर्ण’ लिहिलं की मुलाची संपूर्ण जन्मतारीख सालासकट जाहीर झाली. दिवस आणि महिना पोस्टवर आहे, साल वजा करून निघतं. त्यात पूर्ण नाव असलं, मागे फ्लॅटचा नंबर दिसत असला आणि अंगावर शाळेच्या बिल्ल्याचा गणवेश असला, तर अनोळखी माणसाला विचारायचं काही उरत नाही. जन्मतारीख ही जन्मभर न बदलणारी गोष्ट आहे, आणि पुढे बँकेपासून दवाखान्यापर्यंत ओळख पटवायला तीच विचारली जाणार आहे. उपाय अवघड नाही. फोटो दोन-चार दिवसांनी टाकावा, तारीख लिहू नये, नावाऐवजी घरातली हाक वापरावी, किंवा फक्त निवडक लोकांना दिसेल असं ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला कुणाकुणाला दिसावं ते ठरवता येतं, आणि ते २४ तासांत जातंही. अर्थात मजकूरही त्याबरोबर जातो. मेहनत घेतली असेल तर तो आधी कागदावर उतरवून ठेवावा.

फोटोचा प्रश्न त्या मुलानेच सोडवला. पाचव्या वाढदिवसाच्या फोटोत तो खड्ड्याच्या केकशेजारी एक पंजा उघडून उभा आहे, पाच बोटं. यंदा त्याने दोन्ही पंजे उघडले. दोन फोटो शेजारी लावले की डबल डिजिट, वर्षं, काळ असं काही लिहावंच लागत नाही. जे फोटोत दिसतंय ते खाली पुन्हा लिहायचं नाही, हा या प्रकारातला त्यातल्या त्यात पाळण्यासारखा नियम. शेवटी तिने लिहिलं ते एवढंच:

‘दहा पूर्ण. पाचव्याला आईचा केक बसला, तेव्हा तू म्हणालास, खड्डा छान आहे. यंदाचा केक तूच कापलास, सगळ्यांना सारखे तुकडे देऊन. आता तुला उचलता येत नाही, आणि तू पिशव्या उचलतोस.’

यात एकही विशेषण मुलासाठी वापरलेलं नाही. कडेवर घेण्याचं दुःख एका अर्ध्या वाक्यात आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात बाजाराच्या पिशव्या आल्या. पिशव्यांची भर त्याची स्वतःची. ‘मी उचलतो ते पण लिही,’ म्हणाला. शेजारच्या मुलीच्या फोटोखाली हा मजकूर चालणार नाही.

आजीला तो पटला नाही. तिच्या मते त्यात ‘चि.’ नव्हतं, आशीर्वाद नव्हता आणि शुभेच्छुक कोण तेही नव्हतं. ‘बेवारशी वाटतं,’ म्हणाली. तिचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं, कारण नव्या पद्धतीत मूल फक्त आईचं होऊन जातं. ज्या आजीने त्याला पाच वर्षं शाळेत सोडलं-आणलं, ती कुठे दिसत नाही. नणंदेने खाली एक ओळ वाढवली: आजी, आबा, बाबा आणि आई. क्रम आजीने सांगितला तो.

काढलेली ओळ तिने दोन पंज्यांच्या फोटोची प्रत काढून तिच्या पाठीवर लिहिली, तारखेसह, ‘वय वर्षे १०’ च्या खाली. ती त्याला दाखवलीय की नाही, मी विचारलेलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दहाव्याला आकडाच अर्धं काम करतो. शून्य लागलं, बोटं संपली, दशक झालं, काहीतरी हाताशी असतंच. अकराव्याला यातलं काही मिळत नाही, आणि बाराव्यालाही नाही. तेराव्याला तर मूल स्वतःच खातं उघडायला मोकळं होतं आणि आईचं जुनं सगळं उकरून वाचतं. नणंदेने आतापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पानांवर बारीक अक्षरात टिपून ठेवायला सुरुवात केली आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी. जूनच्या पानावर आहे: पाचवीच्या पहिल्या दिवशी डबा नको म्हणाला, मग मागून घेतला. ऑगस्टच्या पानावर: चहा केला, साखर विसरला, आबांनी तसाच प्यायला.